तक्ता पुन्हा का लिहायचा? रिव्हाइज्ड सिम्प्लेक्सची 1953 ची गोष्ट

एमएस्सीच्या ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरमध्ये सिम्प्लेक्सचं गणित आलं की आपण काय करतो? पट्टीने तक्ता आखतो, पिव्होट निवडतो, ती ओळ पिव्होटने भागतो, बाकीच्या सगळ्या ओळींतून तिचा योग्य तो पट वजा करतो आणि नवा तक्ता खाली मांडतो. मग पुन्हा तेच. तीन-चार तक्ते झाले की उत्तर येतं आणि पानही संपतं. पण नंतर रिसर्चसाठी एखादा सॉल्व्हर उघडून बघितला, तर हा तक्ता तिथे कुठेच सापडत नाही. तिथे `B`, `LU`, `eta`, `pi` अशी नावं दिसतात. पद्धत तीच, पण तक्ता गायब.

मराठी वाचकाला या विषयातलं नाव आठवतं ते नरेंद्र करमरकरांचं. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या करमरकरांनी 1984 मध्ये बेल लॅब्समध्ये असताना सिम्प्लेक्सपेक्षा वेगळी, आतल्या बाजूने जाणारी पद्धत मांडली आणि जगभर चर्चा झाली. पण त्यांच्या पद्धतीची स्पर्धा आपल्या वहीतल्या तक्त्याशी नव्हती. व्यवसायात तेव्हा चालणारे सिम्प्लेक्सचे प्रोग्रॅम तीस वर्षं घासूनपुसून तयार झालेले होते आणि ते सगळे 'रिव्हाइज्ड सिम्प्लेक्स' या घराण्यातले होते. तक्त्याशी शर्यत असती तर तिची एवढी चर्चाच झाली नसती. त्या घराण्याची सुरुवात कुठून झाली आणि तक्ता नेमका कशामुळे टाळता येतो, एवढंच या लेखात बघू.

टेबलक्लॉथएवढा कागद

जॉर्ज डान्टझिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत 1947 मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना मांडली. पद्धत खरंच चालते का, हे बघायला एक बऱ्यापैकी मोठं गणित हवं होतं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 मध्ये एक प्रश्न छापला होता: शरीराला लागणारे 9 पोषक घटक पुरेसे मिळतील असा वर्षभराचा सगळ्यात स्वस्त आहार कोणता? निवडायला 77 पदार्थ. स्टिगलर यांनी तर्काने आणि चाचपणीने वर्षाला 39.93 डॉलर असं उत्तर काढलं होतं, पण हेच सगळ्यात कमी आहे, असं ते सिद्ध करू शकत नव्हते.

1947 च्या शरद ऋतूत नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जॅक लॅडरमन यांच्या देखरेखीखाली हे गणित सिम्प्लेक्सने सोडवायला घेतलं. नऊ कारकून, हाताने चालणारी टेबलावरची गणनयंत्रं आणि एकूण सुमारे 120 माणूस-दिवसांचं काम. कागद एकमेकांना चिकटवून टेबलक्लॉथसारखे पसरावे लागले होते. उत्तर आलं 39.69 डॉलर. म्हणजे स्टिगलर यांचा अंदाज फक्त 24 सेंटनी चुकला होता.

आता आकड्यांकडे बघा. 9 समीकरणं आणि 77 चल, म्हणजे तक्त्यात जवळपास 700 आकडे. पण कुठल्याही टप्प्यावर बेसिसमध्ये असतात फक्त 9 चल. त्या 9 स्तंभांची मॅट्रिक्स `B` म्हटली, तर तिच्या इन्व्हर्समध्ये आकडे 81. प्रत्येक पायरीला 700 आकडे बदलायचे की 81, असा हा प्रश्न आहे. समीकरणांपेक्षा चल खूप जास्त असतात, हे फक्त आहाराच्या गणितातच नाही, लिनियर प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक खऱ्या गणितांत असंच असतं.

तक्त्यात खरं नवं काय असतं?

वहीतल्या तक्त्याबद्दलची एक गोष्ट बऱ्याचदा शिकवली जात नाही. कितीही पिव्होट झाले तरी तक्त्याचा मधला भाग म्हणजे `B⁻¹A` असतो. `A` ही मूळ गणितातली मॅट्रिक्स, ती बदलत नाही. बदलतो तो फक्त `B⁻¹`. म्हणजे आपण पानभर जे आकडे नव्याने लिहितो, ते सगळे 'मूळ आकडे आणि `B⁻¹`' यांच्यातून हवे तेव्हा काढता येतात. पटत नसेल तर तुमच्या वहीतला कुठलाही सोडवलेला तक्ता काढा आणि सुरुवातीच्या स्लॅक चलांखालचे स्तंभ बघा. सुरुवातीला तिथे युनिट मॅट्रिक्स होती, म्हणून आता तिथे `B⁻¹` च उभा आहे.

दुसरी गोष्ट अशी, की पुढची पायरी ठरवायला आपण त्या तक्त्यातलं फार थोडं वाचतो. कोणता चल आत आणायचा हे बघायला खालची एक ओळ. कोणता बाहेर काढायचा हे बघायला आत येणाऱ्या चलाचा एक स्तंभ आणि उजवीकडचा स्तंभ. बाकीचे स्तंभ आपण बदलतो, पण त्या पायरीला वाचत नाही. अनेक स्तंभ तर शेवटपर्यंत कधीच वाचले जात नाहीत.

रिव्हाइज्ड सिम्प्लेक्सची सगळी कल्पना एवढीच आहे: जे वाचायचं आहे तेवढंच काढा, आणि ते मूळ आकड्यांवरून काढा.

एक छोटं गणित, सगळ्या आकड्यांसह

काशीगावापासून जवळच, भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे गाळे आहेत. तसा एक गाळा मनात धरू. खालचे आकडे मी गणित सोपं व्हावं म्हणून घेतलेत, खऱ्या धंद्याचे नाहीत. प्रेस मशीनचे आठवड्याला 40 तास आहेत आणि पॉलिशचे 60 तास. चार प्रकारची भांडी बनतात. प्रत्येक लॉटला लागणारे (प्रेस, पॉलिश) तास आणि मिळणारा फायदा हजार रुपयांत असा:

- ताट: (1, 2), फायदा 4
- वाटी: (1, 1), फायदा 2
- पातेलं: (2, 1), फायदा 4
- डबा: (2, 2), फायदा 6

फायदा जास्तीत जास्त करायचा आहे. सुरुवातीला काहीच बनवत नाही, त्यामुळे बेसिसमध्ये दोन स्लॅक आहेत: प्रेसचे रिकामे तास 40, पॉलिशचे रिकामे तास 60. `B⁻¹` ही युनिट मॅट्रिक्स.

पहिली पायरी. अजून तासांना काही किंमत नाही, म्हणून सगळ्यात जास्त फायद्याचा डबा आत घेऊ. त्याचा स्तंभ (2, 2). गुणोत्तरं 40/2 = 20 आणि 60/2 = 30. लहान 20, म्हणजे प्रेसचा स्लॅक बाहेर. आता 20 लॉट डबे आणि पॉलिशचे 20 तास शिल्लक. तक्ता मांडला असता तर इथे चारही भांड्यांचे आणि स्लॅकचे स्तंभ बदलले असते. आपण फक्त एक नोंद करतो: 'ओळ 1, आकडे (1/2, −1)'. पिव्होटच्या ओळीत 1/2, म्हणजे 2 ने भागलं. दुसऱ्या ओळीत −2/2 = −1, म्हणजे पहिल्या ओळीचा तेवढा पट वजा केला. या नोंदीला ईटा म्हणतात. हिला `E1` म्हणू.

दुसरी पायरी. आधी तासांची किंमत काढू. बेसिसमधल्या चलांचे फायदे (6, 0) घेऊन `B⁻¹` ने गुणले की मिळतं `π = (3, 0)`. अर्थ सरळ आहे: या क्षणी प्रेसचा एक तास 3 हजारांचा आहे आणि पॉलिश पडून असल्यामुळे फुकट. आता प्रत्येक भांड्याचा *मूळ* स्तंभ घेऊन त्याची किंमत काढा आणि फायद्यातून वजा करा. ताट: 4 − 3 = 1. वाटी: 2 − 3 = −1. पातेलं: 4 − 6 = −2. म्हणजे ताट आत. त्याच्या मूळ स्तंभाला, (1, 2) ला, `E1` लावा: पहिला आकडा 1 × 1/2 = 1/2, दुसरा 2 − 1 = 1. गुणोत्तरं 20/(1/2) = 40 आणि 20/1 = 20. पॉलिशचा स्लॅक बाहेर. नवी ईटा `E2`: 'ओळ 2, आकडे (−1/2, 1)'. डबे 20 − 10 = 10 लॉट, ताटं 20 लॉट.

तिसरी पायरी. पुन्हा `π`. फायदे (6, 4). या वेळी ईटा उलट्या क्रमाने लावायच्या. `E2` फक्त दुसरा आकडा बदलते: 6 × (−1/2) + 4 × 1 = 1, म्हणून (6, 1). मग `E1` फक्त पहिला आकडा बदलते: 6 × 1/2 + 1 × (−1) = 2, म्हणून `π = (2, 1)`. वाटी: 2 − 3 = −1. पातेलं: 4 − 5 = −1. स्लॅकचेही ऋण. संपलं. फायदा 6 × 10 + 4 × 20 = 140 हजार. ताळा करा: प्रेस 20 + 20 = 40, पॉलिश 20 + 40 = 60.

संपूर्ण गणितात वाटी आणि पातेल्याचे स्तंभ एकदाही बदलले नाहीत. तक्त्यात ते दोनदा बदलले असते, आणि तेही कुणी न वाचण्यासाठी. इथे भांडी चार आहेत म्हणून फरक जाणवत नाही. भांडी चार हजार असती तर?

आणखी एक बघा. उत्तर आल्यावर मालक म्हणाला, कढईची ऑर्डर आली आहे, (3, 1) तास, फायदा 8. घ्यावी का? `π` ने किंमत 3 × 2 + 1 × 1 = 7, फायदा 8, म्हणजे प्रत्येक लॉटमागे 1 हजार जास्त. घ्यायची. किती? मूळ स्तंभाला क्रमाने ईटा लावा: `E1` नंतर (3/2, −2), `E2` नंतर (5/2, −2). गुणोत्तर 10/(5/2) = 4, डबा बाहेर. 4 लॉट कढया, ताटं 20 + 8 = 28. फायदा 32 + 112 = 144, बरोबर 4 ने वाढला. कढई हा स्तंभ गणित सुरू करताना अस्तित्वातच नव्हता, तरी मागचं काहीही पुन्हा करावं लागलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

कार्डांचं यंत्र आणि 1953 चा शरद ऋतू

1952 मध्ये डान्टझिग कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये आले. तिथे त्यांच्याबरोबर विल्यम ऑर्चर्ड-हेज प्रोग्रॅम लिहीत होते. हाताशी असलेलं यंत्र होतं आयबीएमचं कार्ड-प्रोग्राम्ड कॅल्क्युलेटर. नावातच सगळं आलं: सूचना भोक पाडलेल्या कार्डांवरून येत, आकडेही कार्डांवरून येत आणि निकालही कार्डांवर भोकं पाडून बाहेर पडे. यंत्राच्या पोटात आकडे साठवायला जागा अगदी थोडी.

अशा यंत्रावर तक्ता चालवणं म्हणजे काय, याची कल्पना करा. तक्त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी कार्डावर आहे. प्रत्येक पिव्होटला सगळी कार्डं यंत्रातून जाणार आणि तेवढीच नवी कार्डं भोकं पाडून बाहेर येणार. जुना गठ्ठा टाकून नवा गठ्ठा पुढच्या पायरीला. वाचणं स्वस्त, पण लिहिणं महाग आणि हळू.

रँडच्या अंतर्गत टिपणांची एक मालिका 1953 च्या शरद ऋतूत निघाली. ऑक्टोबरच्या टिपणात डान्टझिग यांनी रिव्हाइज्ड सिम्प्लेक्सची गणनपद्धत मांडली, त्यात `B⁻¹` थेट साठवून प्रत्येक पायरीला बदलला जातो. नोव्हेंबरमध्ये डान्टझिग आणि ऑर्चर्ड-हेज यांचं पुढचं टिपण आलं, त्यात इन्व्हर्स साठवायचाच नाही, तो गुणाकाराच्या रूपात ठेवायचा. आपण वर जे केलं तेच: `B⁻¹ = E2 E1`, पण गुणाकार प्रत्यक्षात करायचा नाही, फक्त ईटांची यादी ठेवायची. हा लेख 1954 मध्ये 'मॅथेमॅटिकल टेबल्स अँड अदर एड्स टू कम्प्युटेशन' या नियतकालिकात छापला गेला. अवघी चार पानं.

दोन्हींत फरक काय? थेट इन्व्हर्स ठेवला तर प्रत्येक पायरीला `m²` आकडे बदलून पुन्हा लिहावे लागतात (`m` म्हणजे मर्यादांची संख्या). गुणाकाराच्या रूपात जुनं काहीच बदलत नाही. मूळ गणिताचा गठ्ठा फक्त वाचायचा. ईटांचा गठ्ठाही फक्त वाचायचा, आणि प्रत्येक पायरीनंतर त्याच्या शेवटी एक नवी ईटा जोडायची. लेखन एका स्तंभापुरतं. कार्डांसाठी आणि पुढे चुंबकीय टेपसाठी यापेक्षा सोयीची रचना शोधूनही सापडली नसती, कारण टेपच्या मधोमध जाऊन एखादा आकडा बदलणं अवघड, पण शेवटी जोडणं सोपं. आत येणाऱ्या स्तंभासाठी यादी पुढून मागे वाचायची आणि `π` साठी मागून पुढे. आजच्या सॉल्व्हरमध्येही या दोन कामांना एफट्रान आणि बीट्रान म्हणतात.

या कार्डयंत्रावर ॲलन मान यांचं तेल मिश्रणाचं 26 मर्यादा आणि 71 चलांचं गणित सोडवायला सुमारे 8 तास लागले, तेही कोणीतरी उभं राहून गठ्ठे भरत असताना. त्यानंतर आयबीएम 701 वर साधारण 100 मर्यादांपर्यंत आणि 1956 च्या सुमारास 704 वर 255 मर्यादांपर्यंत मजल गेली. यंत्रं वेगवान झाली हे खरंच, पण गठ्ठा पुन्हा न लिहिण्याची कल्पना तिन्ही ठिकाणी तीच होती.

हिशेब: फायदा नेमका कुठून येतो?

इथे पुस्तकं जरा घाई करतात. 'रिव्हाइज्ड पद्धतीत काम कमी' एवढं लिहून पुढे जातात. पण नेहमीच कमी असतं का? मोजून बघू. `m = 100` मर्यादा, एकूण 1000 चल, म्हणजे बेसिसबाहेर 900.

तक्ता: प्रत्येक पायरीला 900 स्तंभ, प्रत्येकात 101 आकडे. जवळपास 91,000 गुणाकार.

रिव्हाइज्ड, थेट इन्व्हर्स ठेवून, आणि मूळ स्तंभ विरळ, समजा प्रत्येकात फक्त 5 आकडे शून्येतर: 900 स्तंभांची किंमत काढायला 4,500, आत येणारा स्तंभ काढायला 500, इन्व्हर्स बदलायला साधारण 10,000. एकूण 15,000. सहापट कमी.

आता तेच गणित, पण मूळ स्तंभ पूर्ण भरलेले, एकही शून्य नाही. किंमत काढायलाच 900 × 100 = 90,000. स्तंभ काढायला 10,000, इन्व्हर्सला 10,000. एकूण 1,10,000. तक्त्यापेक्षा जास्त!

म्हणजे फायदा नुसत्या 'इन्व्हर्स लहान असतो' यातून येत नाही. तो येतो मूळ मॅट्रिक्स विरळ असण्यातून. भांड्याला दोन-चार मशीनच लागतात, शंभर नाही. खऱ्या गणितांत स्तंभ विरळच असतात. तक्ता मात्र ही विरळता खाऊन टाकतो: दोन-चार पिव्होट झाले की शून्याच्या जागी आकडे उगवतात आणि मग ते जन्मभर वाहावे लागतात. रिव्हाइज्ड पद्धत दर वेळी मूळ, विरळ स्तंभाकडे परत जाते. भरलेल्या मॅट्रिक्सलाही एक वाट आहे: सगळ्या 900 स्तंभांची किंमत न काढता काहींचीच काढायची आणि धन किंमत दिसली की पुढे जायचं. तक्त्यात ही सूट नाही, कारण तिथे न बदललेला स्तंभ पुढच्या पायरीला निरुपयोगी ठरतो.

जे बिघडतं, आणि ते कसं कळतं

ईटांची यादी वाढत जाते, हा पहिला त्रास. 300 पायऱ्या झाल्या तर 300 ईटा, आणि प्रत्येक एफट्रानला त्या सगळ्यांतून जायचं. पण बेसिस तर 100 स्तंभांचीच आहे. म्हणून मधूनच थांबून आत्ताच्या बेसिससाठी यादी नव्याने बनवतात. स्लॅकना ईटा लागतच नाही, बाकीच्यांना प्रत्येकी एक, म्हणजे जास्तीत जास्त 100. याला रीइन्व्हर्शन म्हणतात. स्तंभ नीट क्रमाने घेतले आणि बेसिस त्रिकोणी मांडता आली, तर नवीन शून्येतर आकडे उगवतही नाहीत.

दुसरा त्रास राउंडिंगच्या चुकांचा. एखाद्या पिव्होटचा आकडा 0.0001 असेल तर ईटात त्याला भागून आलेले आकडे दहा हजार पटीने फुगतात, आणि मागची बारीक चूकही तेवढीच फुगते. ही चूक ओळखायची कशी? मूळ आकडे जपून ठेवले आहेत, त्यामुळे सोपं आहे: `r = b − B x_B` काढा. आपल्या गाळ्याच्या गणितात खरं उत्तर डबे 10, ताटं 20. समजा चुका साठून 10.02 आणि 19.97 आलं. प्रेस: 2 × 10.02 + 19.97 = 40.01. पॉलिश: 20.04 + 39.94 = 59.98. म्हणजे `r = (−0.01, 0.02)`. शून्य यायला हवं होतं, आलं नाही, म्हणजे रीइन्व्हर्शनची वेळ झाली. वहीसारखा तक्ता चालवला असता तर मूळ आकड्यांवर केव्हाच नवे आकडे लिहिले गेले असते. तक्त्यातला प्रत्येक आकडा आधीच्या तक्त्यातून आलेला, त्याची चूक पुढच्यात जाणार, आणि तपासायला जागाच नाही. माझ्या मते वेगापेक्षा हा फायदा मोठा आहे: रिव्हाइज्ड पद्धत स्वतःची चूक मोजू शकते आणि मूळ आकड्यांवरून ती पुसून टाकू शकते.

यापुढची सुधारणा थोडक्यात सांगते. 1957 मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी इन्व्हर्सऐवजी गॉसच्या पद्धतीचे त्रिकोणी भाग ठेवायचं सुचवलं, म्हणजे विरळता आणखी टिकते. 1969 मध्ये बार्टेल्स आणि गोलब यांनी ते भाग चुका न वाढू देता बदलण्याची रीत दिली, आणि 1972 मध्ये फॉरेस्ट आणि टॉमलिन यांनी ती विरळ गणितांना परवडेल अशी केली. ईटांची यादी गेली नाही, फक्त तिचा आकार बदलला.

आजच्या कोडमध्ये

एका पायरीचं हृदय चार ओळींत मावतं:

```python
pi = np.linalg.solve(B.T, cB)      # तासांची किंमत
d  = cN - pi @ N                   # मूळ स्तंभांवरून
j  = np.argmax(d)
y  = np.linalg.solve(B, N[:, j])   # फक्त एक स्तंभ
```

हे समजायला चांगलं, पण खऱ्या कामाला नाही, कारण दोन्ही `solve` दर वेळी `B` चं विभाजन पहिल्यापासून करतात. ते भाग पायऱ्यांमध्ये जपणं, हेच तर सगळं कसब. `scipy` च्या `linprog` मध्ये काही वर्षं `method='simplex'` (तक्ता) आणि `method='revised simplex'` असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी होते. दुसऱ्यात `maxupdate` नावाचा पर्याय होता, त्याची ठरावीक किंमत 10: दहा वेळा भाग बदलले की पुन्हा पहिल्यापासून विभाजन. रीइन्व्हर्शन म्हणतात ते हेच. आवृत्ती 1.11 मध्ये दोन्ही पर्याय काढले गेले आणि आता `highs-ds` वापरायचं. जुन्या ट्युटोरियलमधला कोड चालला नाही तर कारण हे असू शकतं. हायस हा सॉल्व्हर आतून ड्युअल रिव्हाइज्ड सिम्प्लेक्सच वापरतो.

आता कढईकडे परत. 1961 मध्ये आयबीएममधल्या गिलमोर आणि गोमोरी यांनी कागदाचे मोठे रोल कापण्याचं गणित घेतलं. एक रोल किती तऱ्हांनी कापता येईल, त्या प्रत्येक तऱ्हेचा एक स्तंभ. अशा तऱ्हा लाखोंनी होतात, त्यांचा तक्ता मांडणंच शक्य नाही. पण रिव्हाइज्ड पद्धतीला सगळे स्तंभ हवेत कुठे? तिला फक्त विचारता यायला हवं: 'या `π` ला सगळ्यात फायद्याचा स्तंभ कोणता?' त्यांनी तो स्तंभ दर वेळी एक छोटं नॅपसॅक गणित सोडवून तयार केला, आपण कढई आत घेतली तसाच. याला आज कॉलम जनरेशन म्हणतात.

तुम्ही स्वतः करून बघायचं असेल तर वरचं गाळ्याचं गणित एकदा तक्त्याने सोडवा आणि प्रत्येक पायरीला किती आकडे लिहिले ते मोजा. मग त्यातले पुढची पायरी ठरवायला खरंच वाचलेले आकडे मोजा. शेवटी स्लॅकखालचे दोन स्तंभ बघा: तिथे ओळीने (1, −1/2) आणि (−1, 1) दिसेल. तोच `E2 E1`. कढईचा मूळ स्तंभ (3, 1) त्याने गुणा, (5/2, −2) येतो का ते तपासा. आला, म्हणजे पद्धत कळली.